कोर्स शिकवणाऱ्यांसाठी व्हिडिओ होस्टिंग: प्लॅन आणि दर

धडे फक्त तुमच्या वेबसाइटवर चालावेत, फी भरलेल्यालाच दिसावेत आणि बिल आधीच कळावं, यासाठी हे तीन प्लॅन.

प्रारंभ, दरमहा ₹999: 500 जीबी बँडविड्थ, एकाच वेळी 50 प्रेक्षक.
वर्ग, दरमहा ₹2,999: 2 टीबी, 250 प्रेक्षक.
अकादमी, दरमहा ₹8,999: 8 टीबी, 1,000 प्रेक्षक, डीआरएमसह, म्हणजे व्हिडिओची कॉपी रोखणाऱ्या कुलपासह.

दरांवर 18% जीएसटी वेगळा. डोमेन लॉक तिन्हींत आहे.

बँडविड्थ किती लागेल?
720पी व्हिडिओ 1.5 एमबीपीएसने चालला तर तासाला साधारण 675 एमबी जातात. समजा, तुमचा शिवणकामाचा कोर्स 20 तासांचा आहे आणि 100 जणींनी तो महिन्याभरात एकदा पूर्ण पाहिला, तर 1,350 जीबी झाले. म्हणजे ‘वर्ग’ पुरतो. पण कटिंगचा धडा कुणी एकदाच पाहत नाही, मागे नेऊन पुन्हा पाहतात; म्हणून हिशेबात निम्म्याची भर धरा. नेटवर्क कमजोर असेल तिथे प्लेअर आपोआप 480पीवर येतो आणि खर्चही उतरतो. कोटा 80% संपला की ईमेल येतो. कोटा पूर्ण संपल्यावर पुढच्या प्रत्येक जीबीला ₹3; व्हिडिओ बंद पडत नाहीत.

प्रेक्षकमर्यादा
नोंदणी कितीही घ्या. मोजतो ते एकाच क्षणी पाहणाऱ्यांना. मर्यादा भरली तर नव्याने येणाऱ्याला थांबावं लागतं, पाहत असलेल्याचा धडा तुटत नाही. स्पर्धा परीक्षेच्या बॅचेस रात्री नऊला एकदमच बसतात, त्यांनी वरचा प्लॅन घेतलेला बरा.

डोमेन लॉक
तुम्ही दिलेल्या डोमेनवरच प्लेअर उघडतो. `www` असलेला आणि नसलेला, दोन्ही पत्ते यादीत टाका. एक राहिला की निम्म्या विद्यार्थ्यांना काळा चौकोन दिसतो. केवळ रेफरर, म्हणजे मागणी कोणत्या पानावरून आली ते सांगणारा पत्ता, तपासणं पुरेसं नाही, तो खोटा पाठवता येतो. म्हणून प्रत्येक लिंकला सही केलेलं, मुदतीचं टोकनही लागतं. मोबाइल ॲपला डोमेन नसतं, तिथे टोकनच काम करतं.

डाउनलोडपासून संरक्षण
‘प्रारंभ’ आणि ‘वर्ग’मध्ये व्हिडिओ एचएलएसच्या तुकड्यांत, एईएस-128 एन्क्रिप्शनने जातो. ब्राउझरची साधी डाउनलोड एक्स्टेन्शन्स बहुधा तिथेच अडतात, मुरलेला माणूस अडत नाही. ‘अकादमी’त वाइडवाइन आणि फेअरप्ले डीआरएम आहे, बऱ्याच फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये फक्त काळा पडदा येतो. दुसरा फोन समोर धरून चित्रण करणाऱ्याला कोणतंही तंत्र रोखत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याचा नोंदणीकृत मोबाइल नंबर व्हिडिओवर जागा बदलत दिसत राहतो, म्हणजे टेलिग्रामवर फुटलेली प्रत कुणाच्या खात्यातून गेली ते कळतं. हा वॉटरमार्क ‘वर्ग’पासून मिळतो.

14 दिवस मोफत वापरा, कार्ड लागत नाही. प्लॅन महिन्याच्या मध्येही बदलता येतो, फरकाचेच पैसे लागतात. सोडून जाताना मूळ फाइल्स 30 दिवस उतरवून घेता येतात.