खो-खो सरावासाठी मैदान मिळण्याबाबत

दि. १८ जून २०२५

प्रति,
मा. सरपंच,
ग्रामपंचायत पिंपळवाडी, ता. फलटण, जि. सातारा

विषय : दर शनिवारी खो-खो सरावासाठी गावठाणातील मैदान वापरण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

आपल्या जिल्हा परिषद शाळेतील सहावी-सातवीच्या २२ मुली खो-खो खेळतात. शाळेचं अंगण फरशीचं आणि अरुंद आहे. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद लागतं, तेवढी जागा आमच्याकडे नाही. मागच्या आठवड्यात सूर मारताना एका मुलीचे दोन्ही गुडघे फरशीवर सोलवटले. तरी ती पट्टी बांधून पुन्हा उठली. या मुलींना मातीवरच खेळू द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी ५ जुलै ते २७ डिसेंबर २०२५ या काळात दर शनिवारी दुपारी ४ ते ५.३० या वेळेत मैदान मिळावं, ही विनंती. गुरुवारच्या बाजाराला यामुळे अडचण येणार नाही. जत्रा, ग्रामसभा किंवा लग्नकार्य असेल त्या शनिवारी सराव बंद ठेवू. फक्त आदल्या दिवशी निरोप द्यावा.

दोन्ही खांब सरावानंतर काढून खड्डे मातीने बुजवू. आखणी फक्कीने करू. मी स्वतः आणि एक शिक्षिका पूर्ण वेळ हजर राहू, प्रथमोपचार पेटी सोबत असेल. पालकांची संमतिपत्रं आणि मुलींची यादी सोबत जोडली आहे.

मासिक सभेत हा अर्ज घेऊन लेखी परवानगी द्यावी.

आपली विश्वासू,
मुख्याध्यापिका,
जि. प. प्राथमिक शाळा, पिंपळवाडी