आजी-आजोबांचा १९५४ चा फोटो : दुरुस्ती आणि रंगासाठीचा प्रॉम्प्ट

सोबतचा कृष्णधवल फोटो दुरुस्त करून त्याला रंग द्या. मूळ प्रिंट साडेतीन बाय साडेपाच इंचांची आहे, ६०० डीपीआयवर स्कॅन केली आहे. नवा फोटो तयार करू नका, याच फोटोवर काम करा. यातली माणसं आमची आहेत, त्यांच्यासारखी दिसणारी दुसरी नकोत. खाली डावं-उजवं लिहिलंय ते फोटो पाहणाऱ्याचं.

स्टुडिओतला फोटो, १९५४ चा. मध्ये खुर्चीवर आजोबा, वय पस्तिशीच्या आसपास. उजवीकडे उभी आजी, तिच्या पुढ्यात चार वर्षांचे बाबा. डावीकडे खुर्चीच्या हाताला धरून आत्या, आठ वर्षांची. मागे रंगवलेला पडदा : जिना, कठडा, एक फुलदाणी. प्रकाश डावीकडून आहे, नाकांच्या सावल्या उजवीकडे पडल्या आहेत. त्या तशाच राहू द्या.

आधी फक्त दुरुस्ती. पूर्ण प्रिंट पिवळट तपकिरी पडली आहे, तो पिवळेपणा काढून काळ्या-पांढऱ्याचा उठाव परत आणा, पण काळं इतकं गडद नको की कोटाच्या घड्या त्यात बुडतील. कडांजवळच्या काळ्या भागावर निळसर चंदेरी झाक दिसते, ती प्रिंटमधली चांदी वर आल्याची आहे, कापडाची चमक नव्हे. ती काढा. वरच्या उजव्या कोपऱ्यात चिकटपट्टीचा डाग आहे, तोही काढा.

एक घडी आडवी आजोबांच्या चेहऱ्यावरून, उजव्या डोळ्यावरून गेली आहे. तिथला थर उडालाय आणि पापणीचा बाहेरचा टोकाचा भाग गेलाय. डावा डोळा उलटा करून तिथे बसवू नका. आजोबांची उजवी पापणी मुळातच थोडी खाली झुकलेली होती. घडीच्या वर आणि खाली जेवढी पापणी शिल्लक आहे तिच्याच रेषेत मधला तुकडा जोडा, आणि नेमकं जमत नसेल तर तेवढा भाग किंचित धूसर राहिला तरी चालेल. धूसर आजोबा चालतील, परके नकोत.

आजोबांच्या गालांवर देवीचे वण आहेत आणि आजीच्या हनुवटीवर डावीकडे तीळ. हे डाग नव्हेत, पुसू नका. पडद्यावरचे आणि कोटावरचे तांबूस ठिपके मात्र बुरशीचे आहेत, ते जाऊ द्या. कातडी गुळगुळीत करू नका, कोणाला हसवू नका, दात दाखवू नका. बाबांचा उजवा हात हलल्यामुळे पुसट आलाय. त्याला नवी बोटं काढून देऊ नका. ते एक क्षणही स्वस्थ बसत नसत, हे त्या हातावरूनच कळतं.

आता रंग. फिल्म बहुधा लाल रंग न पकडणारी असावी, कारण सगळ्यांचे ओठ काळपट आलेत आणि आजीची साडी जवळजवळ काळी. आत्याला ती साडी पक्की आठवते : गडद लाल, काठ हिरवा. म्हणून साडी काळी किंवा जांभळी नको. तिचा उजळपणा थोडा वाढवून लाल आणा. याच फिल्मवर निळा रंग फिकट येतो. आत्याचा फ्रॉक पांढरा दिसतो, प्रत्यक्षात तो आकाशी होता. कॉलर मात्र पांढरीच. आजोबांचा कोट तपकिरी, सदरा पांढरा. बाबांच्या कपड्यांचा रंग कोणालाच आठवत नाही, तिथे फिकट मातकट छटा द्या आणि भडक काही करू नका.

आजोबा सावळे, आजी गव्हाळ, मुलं दोघांच्या मधली. अशा फिल्मवर कातडी जरा जास्तच काळी येते हे खरं, पण त्या सबबीखाली कोणाला गोरं करू नका. चेहरा, मान आणि हात एकाच रंगाचे हवेत. गालांवर गुलाबी नको. कानातली कुडी सोन्याची आहे, पण ती दिव्यासारखी चमकायला नको. पडदा रंगवलेल्या कापडासारखाच दिसू दे, करडा आणि किंचित हिरवट. त्यातून खरी बाग उगवायला नको.

रंग एकूण अर्ध्या जोरावर ठेवा. मूळ आकारमान, चौकट आणि प्रिंटची पांढरी कड कायम ठेवा, कडेवरचं पेनातलं लिखाण जसंच्या तसं. अक्षरं लागत नसतील तर अंदाजाने पुरी करू नका. दोन फाइली द्या : एक फक्त दुरुस्त केलेली कृष्णधवल, दुसरी रंगीत. कृष्णधवल आधी. आत्या ती पाहून डोळा बरोबर आलाय म्हणाली, तरच रंगीत तिला दाखवणार आहे.