उशिरा पोचलेल्या मालाचा वाहतूकदारनिहाय सकाळचा गोषवारा : मंगळवार, 14 ऑक्टोबर 2025, सकाळी 6:45, जळगाव एमआयडीसी गोदाम

मा. डिस्पॅच सुपरवायझर साहेब,

काल, 13 ऑक्टोबरला, पोचणे अपेक्षित असलेल्या 94 मालांपैकी 71 वेळेत पोचले आणि 23 उशिरा पोचले किंवा अजून पोचलेले नाहीत. त्यांतील सहा मालांबाबत सकाळी 8 च्या आत एक फोन करणे आवश्यक असल्यामुळे ते आधी मांडतो.

सुरत मार्गावरील वाहतूकदार T-02 चे काल 26 पैकी 9 माल उशिरा ठरले. त्यांतील सहा एकाच ट्रकमध्ये आहेत. चालकाने रात्री दिलेल्या माहितीनुसार पाटा तुटल्यामुळे तो ट्रक कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे, दहिवेलजवळ, उभा आहे. या मालांची ई-वे बिले 11 तारखेला काढली होती. दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने तीनशेवर किलोमीटरच्या या अंतरासाठी दोन दिवस मिळतात, त्यामुळे त्यांची मुदत काल मध्यरात्री संपली. मुदतवाढ मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच घेता येते, आणि हे काम माल ज्याच्या ताब्यात आहे त्या वाहतूकदारानेच करायचे असते, म्हणून आठ वाजण्यापूर्वी T-02 च्या कार्यालयाकडून ते करवून घ्यावे. माल दुसऱ्या गाडीत चढवणार असतील, तर बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये नव्या गाडीचा क्रमांक भरल्याखेरीज गाडी हलवू नये, हेही त्यांना सांगावे. नवापूरला गाडी अडली तर दिवाळीच्या आधी माल सुटणे कठीण होईल.

T-02 चे उरलेले तीन माल मात्र त्यांच्या नावावर धरणे मला योग्य वाटत नाही. ती गाडी 12 तारखेला दुपारी 2:10 ला आपल्या गेटवर आली, तिची निघण्याची वेळ 4 ची होती आणि प्रत्यक्षात ती रात्री 9:50 ला बाहेर पडली. पाइपांची भराई आपल्या धक्क्यावरच रखडली होती. त्यामुळे T-02 कडून झालेला उशीर 26 पैकी 6 इतकाच समजावा.

चाळीसगाव उपडेपोतून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या T-07 चे 18 पैकी 6 माल दोन ते चार तास उशिरा पोचले. रोजच्या यादीत हा वाहतूकदार वर दिसतो, पण कारण आपल्याच तक्त्यात आहे. अपेक्षित वेळ अजून कन्नड घाटाच्या सरळ रस्त्याने मोजली जाते आणि जड गाड्या मात्र नांदगावमार्गे वळसा घालून जातात. मार्गवेळेचा तक्ता दुरुस्त होईपर्यंत या मार्गावरील चार तासांपर्यंतचा उशीर मी वेगळा दाखवत राहीन. आपली संमती मिळाल्यास तक्ता आजच बदलता येईल.

इंदूरच्या T-05 चे 31 पैकी 4 माल यादीत आहेत. त्यांतील तिघांची पोच स्कॅन झालेली नाही, एवढेच डेटाबेसवरून कळते. माल उतरला असून बिल्टीची सहीची प्रत चालकाच्या खिशात असण्याचीच शक्यता अधिक आहे. म्हणून गिऱ्हाइकाला फोन करण्याआधी वाहतूकदाराकडून पोचेचा फोटो मागवावा. चौथा माल खरोखर उशिरा असून तो अजून सेंधव्याच्या पुढे गेलेला नाही.

T-14 चे प्रमाण पाहता 4 पैकी 3, म्हणजे 75 टक्के, असे भयंकर दिसते. पण तिन्ही माल शहाद्याच्या एकाच दुकानदाराचे असून दुकान बंद असल्यामुळे ते परत आले. एवढ्याशा आकड्यावरून नव्या वाहतूकदाराविषयी मत बनवू नये. दुकानदाराशी बोलून आजची वेळ ठरवावी, कारण रब्बीच्या ठिबक संचाचे भाग त्यातच आहेत.

नागपूर मार्गावरील T-11 चा 15 पैकी एकच माल 40 मिनिटे उशिरा पोचला. तेथे काही करण्याची गरज नाही.

डेटाबेसमध्ये वेळा युटीसीत साठवल्या जातात. या गोषवाऱ्यात त्या साडेपाच तासांनी पुढे नेऊन भारतीय वेळेत घेतल्या आहेत, अन्यथा मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत उतरलेला माल आदल्या दिवशी पोचल्याचे दिसून वेळेत धरला गेला असता. नोंदी सकाळी 6:15 पर्यंतच्या आहेत. T-02 च्या मुदतवाढीची स्थिती 7:45 ला पुन्हा पाहून आपल्याला फोनवर कळवतो.

आपला,
माहिती कक्ष, डिस्पॅच विभाग