हापूसच्या पेटीतली चिठ्ठी: जुना प्रॉम्प्ट आणि नवा

दादा,

पेटीत टाकायच्या चिठ्ठीसाठी तू एआयला देतोस तो प्रॉम्प्ट नीट वाचला. आधी तो जसाच्या तसा ठेवते, म्हणजे मी काय काढलं ते तुला समोर दिसेल.

जुना

> तू जगातला सर्वोत्तम मार्केटिंग तज्ज्ञ, कॉपीरायटर आणि आंबातज्ज्ञ आहेस. रत्नागिरी हापूस, देवगड हापूस, अस्सल हापूस, ओरिजिनल हापूस, जीआय टॅग हापूस, नैसर्गिक, केमिकल फ्री, कार्बाइड फ्री, ऑरगॅनिक, फार्म फ्रेश, हेल्दी, व्हिटॅमिन सी, इम्युनिटी यांवर अप्रतिम, व्हायरल, हृदयस्पर्शी, प्रोफेशनल, साधी, थोडक्यात पण सविस्तर, एसइओ फ्रेंडली माहिती लिही. आंबा पिकवणे, आंबा साठवणे. चूक करू नकोस. खूप महत्त्वाचं आहे. जबरदस्त लिही.

हा मी तीनदा चालवून पाहिला. तिन्ही वेळा कौतुकच कौतुक आलं आणि पिकवण्याबद्दल एखादी ओळ. त्यातही एकदा आलं, ‘आल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा’. कडक आंबा फ्रिजमध्ये गेला की धड पिकत नाही, सुरकुततो आणि चवही जाते. दर एप्रिलमध्ये तुला येणारे तक्रारीचे फोन बहुतेक याचेच असतात ना? म्हणजे ज्या एका कामासाठी चिठ्ठी हवी, तेच तुझ्या शब्दांच्या गर्दीत दबलं.

त्याहून मला खटकलं ते ‘100 टक्के सेंद्रिय’. आपण मोहोरावर फवारणी करतो. तू ‘ऑरगॅनिक’ लिहिलंस, एआयने ते आपलं वैशिष्ट्य समजून ठळक केलं. मधुमेहींनी बिनधास्त खावा असंही एकदा आलं, ते ‘हेल्दी’मुळे. बाग रत्नागिरीतल्या पावसची आणि कागदावर देवगड, हे तर गिऱ्हाइकाला सरळ फसवणं झालं. एसइओचे शब्द ऑनलाइन जाहिरातीतून आलेले दिसतात. पेंढ्यात ठेवलेला कागद कुणी गूगलवर शोधत नाही. जीआयचं काढलं, कारण ते पेटीवर छापलेलंच आहे. ‘थोडक्यात पण सविस्तर’च्या जागी शब्दांचा आकडा घातला.

नवा

> आमची पावस, जि. रत्नागिरी इथे हापूसची बाग आहे. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना आम्ही पेटी घरपोच पाठवतो. पेटीत ठेवायची छापील चिठ्ठी मराठीत लिही.
>
> चिठ्ठीचं काम एकच: गिऱ्हाइकाने आंबा घरी नीट पिकवावा आणि योग्य दिवशी खावा.
>
> फक्त ही माहिती वापर, स्वतःची भर घालू नकोस:
> – आंबा झाडावरून तयार पण कडक असताना उतरवला आहे. कार्बाइड वापरलेलं नाही.
> – पेटी आल्यावर उघडावी, दबलेला किंवा डागाळलेला आंबा वेगळा काढून आधी वापरावा.
> – बाकीचे पेंढ्यात, एका थरात, हवेशीर सावलीत ठेवावे. 4 ते 6 दिवस लागतात. रोज एकदा बघावं.
> – पिकल्याची खूण: देठाजवळ गोड वास आणि अंगठ्याने हलकं दाबल्यावर मऊपणा. नुसत्या रंगावर जाऊ नये.
> – पिकण्याआधी फ्रिजमध्ये ठेवू नये. पिकलेला फ्रिजमध्ये 2-3 दिवस चालतो.
> – कापण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवावा.
> – क्वचित एखाद्या फळात साका, म्हणजे आतला पांढरट, स्पंजासारखा गर, निघतो. तो बाहेरून ओळखता येत नाही. फोटो पाठवल्यास ते फळ आम्ही बदलून देतो.
>
> वाचणारी व्यक्ती स्वयंपाकघरात उभी आहे, पेटी नुकतीच उघडली आहे. तिला ‘तुम्ही’ म्हण. घरच्या माणसाने सांगावं तशी भाषा ठेव. आरोग्याचे दावे आणि आंब्याची स्तुती नको. फ्रिजची सूचना सगळ्यात वर, ठळक. साक्याबद्दल एकदाच, स्वच्छ शब्दांत सांग. एकूण 120 शब्दांच्या आत, कारण कागद पोस्टकार्डाएवढा आहे.

लांबी जवळपास तिप्पट झाली, पण आता प्रत्येक ओळ काहीतरी सांगते. तुझ्या डोक्यात वीस वर्षांचं जे आहे ते त्याला कुठून कळणार? पेंढा, देठाचा वास, साका, यातलं एकही तुझ्या प्रॉम्प्टमध्ये नव्हतं. ते मी तू फोनवर गिऱ्हाइकांना सांगतोस त्यातून उचललं.

हाही तीनदा चालवला. दोनदा चिठ्ठी जवळपास छापण्याजोगी आली. एकदा साक्याची माफी चार ओळी लांबली, म्हणून ‘एकदाच’ हा शब्द नंतर घातला. छापायला देण्याआधी दिवसांचा आकडा तू तपास. 4 ते 6 मी मागच्या वर्षीच्या पेट्यांवरून धरलाय. मेच्या तोडीचा आंबा लवकर पिकतो, तेव्हा त्या पेट्यांसाठी आकडा बदलून चिठ्ठी वेगळी काढू.