विषय: दापोलीच्या घराचं मंगळवारी पाठवलेलं चित्र: त्यावरून मापं किंवा दर काढू नयेत

प्रिय सुहासकाका,

सप्रेम नमस्कार.

काल तुमचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या साइटवर स्लॅबच्या गडबडीत होते, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. घराचं चित्र तुम्हाला आणि काकूंना आवडलं हे ऐकून छान वाटलं. पण ते कॉन्ट्रॅक्टरना पाठवलं, त्यांनी त्यावरून वरच्या बाल्कनीचा दरही सांगितला आणि कोपऱ्यातल्या मोठ्या काचेसाठी निखिलने कोटेशन मागवलं, हे कळल्यावर मात्र थोडी दचकले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ते चित्र म्हणजे घर साधारण कसं वाटेल याची कल्पना आहे. बांधकामाचं ड्रॉइंग ते नाही. मंगळवारी ते व्हॉट्सॲपवर टाकताना मी सोबत तशी एक ओळही लिहिली नाही, ही माझी चूक. तुमचा गैरसमज होणं साहजिक होतं.

चित्र तयार कसं झालं ते सांगते. तुमच्या प्लॉटचा रस्त्याकडून काढलेला फोटो आणि माझं हाताने काढलेलं एक स्केच मी एआयच्या चित्र बनवणाऱ्या प्रोग्रॅमला दिलं. सोबत वर्णन लिहिलं: जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, पडवीत झोपाळा, पावसाळ्यानंतरची संध्याकाळ. त्यावरून त्याने चित्र रंगवलं. आमचा प्लॅन त्याला माहीत नाही, फूट-इंच त्याला कळत नाहीत. अशी घरं दिसायला कशी असतात एवढंच त्याने पाहिलेलं आहे. एप्रिलमध्ये लॅपटॉपवर तुम्हाला फिरवून दाखवलं होतं ते थ्रीडी मॉडेल वेगळं. ते प्लॅनच्या मापांवर उभं होतं, म्हणून जरा रुक्षही दिसत होतं. (काकू तेव्हा "हे शाळेसारखं दिसतंय" म्हणाल्या होत्या, ते लक्षात आहे.)

आता चित्र उघडा आणि जिना बघा. पायऱ्या मोजल्यात तर ११ भरतील. आपल्या घरात खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत उंची १० फूट ६ इंच, म्हणजे १२६ इंच. ११ पायऱ्यांत ती चढायची तर एकेक पायरी जवळजवळ साडेअकरा इंचांची होईल. काकूंच्या गुडघ्यांसाठी आपण ६ इंचांची पायरी ठरवली आहे, त्या हिशेबाने २१ पायऱ्या लागतात आणि मध्ये वळणावर चौक. तेवढी जागा प्लॅनमध्ये सोडलेली आहे. चित्रात जिना देखणा आहे, पण त्यावरून रोज वर जायचं म्हणजे डोंगर चढणं झालं.

बाल्कनीचंही तसंच. चित्रात ती झाडाच्या फांदीसारखी पुढे आलेली आहे, खाली काहीच नाही. माझ्या अंदाजाने ती १० फुटांच्या आसपास दिसते. ड्रॉइंगमध्ये ती ४ फूट आहे. १० फूट अधांतरी काढता येतच नाही असं नाही, पण त्यासाठी मागचा बीम, स्लॅब, कॉलम, पाया सगळं वेगळं लागेल, आणि आरसीसी डिझायनरने हिशेब केल्याशिवाय मी त्यावर सही करणार नाही. कॉन्ट्रॅक्टरनी सांगितलेला दर नेमका कुठल्या बाल्कनीचा आहे, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

कोपऱ्यातली काच ही माझी सगळ्यात मोठी काळजी, कारण तिथे पैसे अडकू शकतात. चित्रात दोन्ही बाजूंनी अखंड काच आहे आणि कोपरा मोकळा. खरं तर त्याच कोपऱ्यात ९ बाय १५ इंचांचा कॉलम आहे आणि वरच्या मजल्याचा भार त्यावर येतो. चित्रात कॉलम दिसला नाही म्हणून तो घरातून गेला असं होत नाही. शिवाय चिऱ्याच्या भिंतीत खिडकीसाठी मोकळी जागा ठेवली की वर लिंटल लागतोच, तोही चित्रात गायब आहे. तेव्हा काचेचं कोटेशन कृपया थांबवा आणि ॲडव्हान्स देऊ नका. खिडक्यांची मापं लिंटल झाल्यावर साइटवर घ्यायची असतात.

छपराबद्दल जरा जास्त बोलते, कारण ते चित्रात सर्वांत सुंदर आहे. तिथली कौलं कागदासारखी पातळ आहेत, पन्हळ कुठेच नाही, आणि पाखं भिंतीच्या बाहेर मजेत तरंगतात. दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पागोळ्यांचं पाणी कुठे जाणार, पडवीवर झड किती येणार, याचा विचार त्या चित्राने केलेला नाही. आणि वारा! ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात तुमच्याच शेजारच्या घराची कौलं उडाली होती, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. म्हणून आपण पाखं बेताची ठेवली आहेत आणि वासे भिंतीला बोल्टने बांधणार आहोत. प्रत्यक्षातलं छप्पर थोडं जाड आणि बसकं दिसेल. मला ते तसंच आवडतं, पण हे माझं मत झालं.

बाकी किरकोळ: विहिरीजवळचं लॉन म्हणजे आपली पाण्याची टाकी आणि पाइपांची जागा आहे, आणि उत्तरेकडचा हापूस चित्रात चक्क माड झाला आहे. काकूंना सांगा, कलम कुठेही जात नाही.

मग या चित्राचा उपयोग काय? तुमची आवड कळण्यासाठी. तुम्ही दोघांनी बसून त्यात काय हवंसं वाटलं आणि काय खटकलं ते मला सांगा. चिऱ्याचा रंग, गिलाव्याच्या पांढऱ्या पट्ट्या, झोपाळ्याची जागा, दाराची चौकट, असं काहीही. लांब बाल्कनी खरोखरच हवी असेल तर खाली दोन खांब घेऊन ती ७ फुटांपर्यंत नेता येईल का, हे मी आरसीसी डिझायनरना विचारते. खर्च वाढेल, किती, ते त्यांचा हिशेब आल्यावर सांगेन.

कॉन्ट्रॅक्टरना मी आज स्वतः फोन करते. तुम्हीही त्यांना एवढं कळवा की दर फक्त A-01 ते A-06 या शीटवरून द्यायचा, ज्यांवर R2 आणि माझी सही आहे. साइटवर लाइनआउट त्याच शीटवरून होईल, आणि आरसीसीची शीट त्यासोबत असेल. शिक्का आणि सही नसलेला कुठलाही कागद किंवा मोबाइलवरचा फोटो मिस्त्रींनी धरायचा नाही, चित्र मी पाठवलेलं असलं तरीही.

सोबत तेच चित्र पुन्हा जोडते आहे. त्यावर खाली मोठ्या अक्षरात "संकल्पनाचित्र, मापांसाठी वापरू नये" असं लिहिलं आहे. ग्रुपवरचं आधीचं काढून हे टाकलंत तर बरं होईल.

शनिवारी सकाळी १० वाजता मी साइटवर येते. येताना जिन्याची आणि कोपऱ्याची मोठी ड्रॉइंग आणि मोजपट्टी घेऊन येईन. ६ इंचांची पायरी आणि साडेअकरा इंचांची पायरी दोन्ही विटा रचून दाखवते, काकूंनाही आणा.

आपली,
मृणाल