सगळे ऑनलाइन आले की तुझा गेम का अडकतो?

उडी मारायचं बटण तू वेळेवर दाबलंस, पण तुझा हिरो आधी खड्ड्यात पडला आणि मग त्याने उडी मारली! चूक तुझ्या बोटाची नव्हती. तुझी उडी राउटरपाशी रांगेत उभी होती.

इंटरनेटवरून काहीही अख्खं येत नाही. सिनेमा असो की फोटो, त्याचे छोटे छोटे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. मोठ्यात मोठं पॅकेट साधारण १५०० बाइटचं. घरातलं कनेक्शन ४० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट आणणारं असेल (एका बाइटमध्ये ८ बिट), तर सेकंदाला अशी तीन हजारांवर पॅकेट येऊ शकतात. भरपूर वाटतात ना? आता हिशेब कर. ताई फोर-के सिनेमा बघतेय, तिला ४० पैकी २० एमबीपीएस लागतात. आजीच्या भजनाच्या व्हिडिओला ५. बाबांच्या व्हिडिओ कॉलला ३. झाले २८, म्हणजे अजून १२ उरले. आणि तुझ्या गेमला १ सुद्धा लागत नाही!

मग अडलं कुठे? टॅबलेटवर गुपचूप सुरू झालेल्या अपडेटमध्ये. अपडेट भलतं हावरट असतं, जेवढी जागा मिळेल तेवढी सगळी घेतं. जागा संपली की उरलेली पॅकेट रांगेत थांबतात. रांग फारच वाढली तर काही चक्क फेकून दिली जातात, ती पुन्हा मागवावी लागतात. सिनेमाला याचं फारसं काही वाटत नाही, कारण पुढचे काही सेकंद त्याने आधीच साठवलेले असतात. गेमला मात्र पुढचं साठवता येत नाही. तू उडी कधी मारणार, हे आधी कुणाला ठाऊक?

खात्री करायची? गेममध्ये ‘पिंग’चा आकडा, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते, दिसतो का बघ. ३० असेल तर मजा आहे. ३०० झाला, तर रांग लागली आहे.

वायफायची गंमत आणखी वेगळी. एका चॅनलवर बहुतेक वेळा एका वेळी एकच यंत्र बोलतं, वर्गात एकेकाने बोलावं तसं. दोन भिंतींपलीकडचा फोन हळू बोलतो, त्यामुळे त्याची पाळी लांबते आणि बाकीचे खोळंबतात.

आता उपाय. आधी अपडेट थांबव, रात्री सगळे झोपल्यावर लावता येईल. फोटोंचा बॅकअप चालू असेल तर तोही थांबवायला सांग, कारण तुझी उडी बाहेर जायच्या वाटेवर तोच गर्दी करतो. ताईला सिनेमा १०८० वर आणायला सांग, २० चे साधारण ५ होतील (फोनच्या पडद्यावर तिला फरकही कळणार नाही, पण हे तिला हळूच सांग). राउटर कपाटात असेल तर मोठ्यांकडून बाहेर उघड्यावर ठेवून घे. तू राउटरच्या खोलीतच बसत असशील तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय निवड. आणि कॉम्प्युटरवर खेळत असशील तर सरळ लॅन केबल जोड, म्हणजे हवेतल्या पाळीची भानगडच नाही.