ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांचे अनुमापन: ध्वनिचित्रफितीवरून तयार केलेली कृती व दक्षता

इयत्ता १२वी विज्ञान, रसायनशास्त्र प्रात्यक्षिक, तुकडी ब

मंगळवारी मुसळधार पावसामुळे ज्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत पोहोचता आले नाही, त्यांच्यासाठी हे टिपण तयार केले आहे. त्या दिवशीच्या प्रात्यक्षिकाचे ४२ मिनिटांचे चित्रीकरण वर्गाच्या गटावर दिलेले आहेच. तथापि त्यातील बराच वेळ शंकासमाधानात गेला असून काही महत्त्वाच्या गोष्टी कॅमेऱ्यात नीट आलेल्या नाहीत. म्हणून आधी हे टिपण वाचावे, मग चित्रीकरण पाहावे आणि त्यानंतरच शनिवारच्या पूरक प्रात्यक्षिकास यावे.

प्रयोगाचा हेतू

वजन करून तयार केलेल्या ०.०५ M ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाण द्रावणाच्या साहाय्याने, दिलेल्या पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाची मोलरता आणि तीव्रता काढावयाची आहे. परमँगनेटचे वजन करून थेट प्रमाण द्रावण करता येत नाही, कारण त्यात मँगनीज डायऑक्साइडचा थोडा अंश असतोच आणि उजेडात त्याचे द्रावण हळूहळू विघटित होते. ते गडद तपकिरी बाटलीत ठेवलेले दिसते ते यामुळेच. अभिक्रिया पुढीलप्रमाणे होते:

2KMnO₄ + 3H₂SO₄ + 5H₂C₂O₄ → K₂SO₄ + 2MnSO₄ + 8H₂O + 10CO₂

या अनुमापनात वेगळा दर्शक घालावा लागत नाही. परमँगनेटचा जांभळा रंग अभिक्रियेत नाहीसा होतो आणि सर्व ऑक्झॅलिक आम्ल संपल्यावर पडलेला पहिला जादा थेंब द्रावणाला फिकट गुलाबी छटा देतो. हाच अंत्यबिंदू होय.

कृती

१. ऑक्झॅलिक आम्लाचे १.५७५ ग्रॅम स्फटिक (मोलर वस्तुमान १२६) काचेच्या वजनबाटलीत अचूक मोजावेत. चंचुपात्रात थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात ते पूर्ण विरघळवून द्रावण नरसाळ्यातून २५० मिली प्रमाणचंबूत घ्यावे. चंचुपात्र आणि नरसाळे दोन-तीनदा धुऊन ते पाणीही चंबूतच ओतावे, मग खुणेपर्यंत पाणी भरून बूच लावावे आणि चंबू उलटासुलटा करून द्रावण एकसारखे करावे. हा भाग चित्रीकरणाच्या ६व्या मिनिटापासून आहे. शनिवारी वेळ वाचावा म्हणून हे द्रावण तयार दिले जाईल, परंतु १.५७५ हा आकडा कसा आला याचे गणित जर्नलमध्ये लिहिणे आवश्यक आहे.

२. ब्युरेट प्रथम पाण्याने आणि नंतर परमँगनेटच्या द्रावणाने खळबळून घ्यावी. पिपेट त्याचप्रमाणे ऑक्झॅलिक आम्लाने खळबळावी. शंक्वाकृती चंबू मात्र केवळ ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा. तो ऑक्झॅलिक आम्लाने खळबळल्यास भिंतीला राहिलेले आम्ल मोजलेल्या १० मिलीमध्ये मिसळते आणि ब्युरेटचे वाचन नाहक वाढते. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

३. ब्युरेट काचेच्या तोटीचीच घ्यावी, कारण परमँगनेट रबराशी अभिक्रिया करते. द्रावण शून्याच्या वरपर्यंत भरावे, तोटी पूर्ण उघडून टोकातील हवेचा बुडबुडा घालवावा आणि मग पातळी शून्यावर आणावी. नरसाळे काढून ठेवण्यास विसरू नये. त्यातून मागाहून गळालेला एखादा थेंब सगळे वाचन बिघडवतो.

४. पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक आम्ल शंक्वाकृती चंबूत घ्यावे. पिपेट रिकामी झाल्यावर तिचे टोक चंबूच्या आतील भिंतीला टेकवावे. टोकात उरलेला थेंब फुंकून काढू नये, कारण पिपेटवरील माप तो थेंब वगळूनच दिलेले असते.

५. त्यात सुमारे १० मिली विरल सल्फ्युरिक आम्ल मोजपात्राने घालावे. येथे दशांश मिलीची अचूकता लागत नाही, मात्र आम्ल कमी पडता कामा नये. हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, कारण परमँगनेट त्याचे क्लोरीनमध्ये ऑक्सिडीकरण करते. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक असल्याने तेही बाद.

६. चंबू तारेच्या जाळीवर ठेवून ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा. तापमापी नसल्यास द्रावणातून पहिल्या वाफा दिसू लागताच ज्योत बाजूला करावी. द्रावण उकळू देऊ नये, कारण काही ऑक्झॅलिक आम्लाचे विघटन होऊन वाचन प्रत्यक्षापेक्षा कमी येते.

७. गरम चंबू पांढऱ्या टाइलवर ठेवून लगेच अनुमापन सुरू करावे. डाव्या हाताने तोटी हाताळावी आणि उजव्या हाताने चंबू सतत गोल हलवत राहावे. पहिले काही थेंब पडल्यावर गुलाबी रंग बराच वेळ रेंगाळतो. चित्रीकरणाच्या १९व्या मिनिटाला एका विद्यार्थिनीने 'सर, अंत्यबिंदू आला का?' असे विचारले, तो हाच क्षण. तो अंत्यबिंदू नसतो. अभिक्रियेत तयार होणारे Mn²⁺ आयन स्वतःच उत्प्रेरकाचे काम करतात. ते पुरेसे तयार होईपर्यंत अभिक्रिया संथ असते आणि नंतर रंग पडताक्षणी नाहीसा होऊ लागतो. म्हणून सुरुवातीला पहिला रंग पूर्ण गेल्याशिवाय पुढचा थेंब सोडू नये.

८. अंत्यबिंदू जवळ आला की रंग जाण्यास पुन्हा वेळ लागू लागतो. तेथून पुढे एकेक थेंबच घालावा. फिकट गुलाबी छटा सुमारे ३० सेकंद टिकली की थांबावे. पुढे काही मिनिटांनी ती फिकी पडली तरी आणखी परमँगनेट घालू नये.

९. हीच कृती दोन वाचने तंतोतंत जुळेपर्यंत करावी आणि जुळलेले वाचन सी.बी.आर. म्हणून घ्यावे.

चित्रीकरणात दिसते त्यावर विसंबू नये अशा दोन जागा

पहिली जागा रंगाची. २७व्या मिनिटाला अंत्यबिंदूचा जो चंबू कॅमेऱ्यासमोर धरला आहे, तो पडद्यावर चांगलाच गडद गुलाबी दिसतो. प्रत्यक्षात ती छटा इतकी फिकी होती की मागे पांढरी टाइल धरल्याशिवाय मागच्या बाकावरून ती दिसत नव्हती. पडद्यावरचा रंग येईपर्यंत परमँगनेट घालत राहिल्यास वाचन नक्की जास्त येईल.

दुसरी जागा ब्युरेटच्या वाचनाची. कॅमेरा खालच्या बाजूस असल्यामुळे पातळी प्रत्यक्षाहून खाली दिसते. डोळा पातळीच्या सरळ रेषेत ठेवूनच वाचन घ्यावे. तसेच परमँगनेटचे द्रावण गडद असल्याने त्याची खालची वक्र कड दिसत नाही. त्यामुळे या प्रयोगात पातळीची वरची कड वाचतात आणि सुरुवातीचे व शेवटचे अशी दोन्ही वाचने त्याच पद्धतीने घेतात.

प्रात्यक्षिकातील निरीक्षणे व गणित

ब्युरेट मध्ये पुन्हा न भरता तीन वाचने घेतली होती: ०.० ते ९.९, ९.९ ते १९.७ आणि १९.७ ते २९.५. म्हणजेच फरक अनुक्रमे ९.९, ९.८ व ९.८ मिली, आणि सी.बी.आर. ९.८ मिली.

समीकरणानुसार परमँगनेटचे २ मोल ऑक्झॅलिक आम्लाच्या ५ मोलांशी अभिक्रिया करतात. म्हणून

5 × M × 9.8 = 2 × 0.05 × 10

यावरून परमँगनेटची मोलरता ०.०२०४ M येते. तिला मोलर वस्तुमान १५८ ने गुणल्यास तीव्रता सुमारे ३.२२ ग्रॅम प्रति लिटर मिळते. २ आणि ५ यांची अदलाबदल ही या गणितातील नेहमीची चूक आहे, उत्तर ०.१३ च्या आसपास आले, तर तीच झाली आहे असे समजावे.

दक्षता

ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. त्यामुळे पिपेट तोंडाने ओढण्यास पूर्ण मनाई असून रबरी बल्ब वापरणे सक्तीचे आहे. जुन्या जर्नलमध्ये किंवा मोठ्या भावंडांच्या सांगण्यात तोंडाने ओढण्याची पद्धत आढळेल, तिचे अनुकरण करू नये. हातावर सांडल्यास भरपूर पाण्याने धुवावे आणि प्रयोग संपल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज डबा उघडू नये.

विरल सल्फ्युरिक आम्ल तयार मिळेल. ते संहत आम्लापासून करावयाचे असल्यास आम्लच हळूहळू पाण्यात, ढवळत घालतात. पाणी आम्लात कधीही ओतत नाहीत, कारण निर्माण होणाऱ्या उष्णतेने आम्ल अंगावर उसळते. हे काम प्रयोगशाळा साहाय्यकांचे आहे, विद्यार्थ्यांचे नव्हे. विरल आम्लही सुती कपड्यावर पडून वाळले की तेथे भोक पडते, म्हणून ॲप्रनची बटणे लावलेली असावीत.

परमँगनेट तीव्र ऑक्सिडीकारक आहे. त्याचे कोरडे स्फटिक ग्लिसरीनच्या संपर्कात आल्यास काही क्षणांतच पेट घेतात आणि संहत सल्फ्युरिक आम्लाशी मिसळल्यास स्फोटक पदार्थ तयार होतो. कुतूहल म्हणूनही हे करून पाहू नये. द्रावणाने बोटांवर पडणारे तपकिरी डाग काही दिवसांत आपोआप जातात. ते घालवण्यासाठी त्वचेवर ऑक्झॅलिक आम्ल चोळू नये. तो उपाय फक्त काचसामानासाठी आहे.

या प्रयोगातील बहुतेक अपघात मात्र रसायनांनी नव्हे, तर गरम चंबूने होतात. तापलेली काच आणि गार काच सारखीच दिसते. चंबूची मान कागदाच्या जाड घडीने किंवा चिमट्याने धरावी, त्याचे तोंड शेजाऱ्याकडे वळवू नये आणि ओल्या ओट्यावर तो टेकवू नये. केस बांधलेले असावेत, ओढणी ॲप्रनच्या आत खोचलेली असावी आणि तापवून होताच बर्नर बंद करावा.

संरक्षक चष्मा संपूर्ण वेळ लावावा. डोळ्यात काहीही उडाल्यास न चोळता किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा, लगेच शिक्षकांना सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे.

अनुमापन करताना द्रावण तपकिरी व गढूळ झाले, तर मँगनीज डायऑक्साइड तयार झाला आहे: आम्ल कमी पडले, द्रावण थंड झाले किंवा परमँगनेट फार वेगाने सोडले गेले. असे वाचन दुरुस्त होत नाही. चंबू रिकामा करून नव्याने सुरुवात करावी.

उरलेले परमँगनेट मूळ बाटलीत परत ओतू नये. खिडकीजवळच्या 'टाकाऊ द्रावण' असे लिहिलेल्या बरणीत टाकावे. ब्युरेट लगेच पाण्याने धुवावी, अन्यथा तोटी चिकटते.

शनिवारचे पूरक प्रात्यक्षिक

सकाळी ८.३० वाजता रसायनशास्त्र प्रयोगशाळेत ॲप्रन, जर्नल आणि लॉग तक्त्यासह उपस्थित राहावे. कृती व गणिताचा आराखडा आधीच लिहिलेला असावा, निरीक्षण तक्ता मात्र कोरा ठेवावा. वर दिलेले ९.८ हे वाचन तक्त्यात उतरवून ठेवण्यात अर्थ नाही, कारण त्या दिवशी परमँगनेटची वेगळ्या तीव्रतेची बाटली दिली जाणार आहे.